भाडे कोणत्या फुटाचे?

पुण्यात बाणेर-औंधच्या बाजूला दवाखान्यासाठी किंवा छोट्या ऑफिससाठी भाड्याची जागा बघायला निघालात, की पहिल्याच दिवशी तीन एजंट तीन दर सांगतात. एक म्हणतो साठ रुपये फूट, दुसरा पंच्याहत्तर, तिसरा ब्याण्णव. आपण मनातल्या मनात यादी लावतो आणि साठवाल्याला सर्वांत वर बसवतो. पण साठ हा आकडा ज्या फुटाचा आहे तो फूट आणि ब्याण्णववाल्याचा फूट एक नाहीत. एकाच्या फुटात जिना, लिफ्ट, लॉबी आणि वॉचमनची केबिनही बसलेली असते. दुसऱ्याच्या फुटात फक्त टेबल-खुर्ची मांडता येईल अशी जमीन असते. दर सांगताना फुटाचे नाव सांगायची पद्धत बाजारात नाही. ते विचारून घ्यावे लागते.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, एका फिजिओथेरपिस्ट बाईंना स्वतःचा दवाखाना थाटायचा आहे. रिसेप्शन, उपचारासाठी तीन केबिन आणि व्यायामाच्या साधनांना थोडी मोकळी जागा, एवढी त्यांची गरज आहे. त्यांना तीन जागा दाखवल्या गेल्या. पहिली नव्या, काचेच्या दर्शनी भागाच्या व्यापारी संकुलात: ‘हजार फूट, साठ रुपयांनी’. दुसरी जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, खाली दुकाने आणि वर ऑफिसे अशी: ‘सातशे ऐंशी फूट बिल्टअप, पंच्याहत्तरने’. तिसरी दोन-चार वर्षांपूर्वी बांधलेल्या मध्यम आकाराच्या इमारतीत: ‘सहाशे चाळीस कार्पेट, ब्याण्णवने’. यातली स्वस्त कोणती, हे ठरवण्याआधी हे तीन प्रकारचे फूट नीट ओळखून घेऊ.

कार्पेट म्हणजे ढोबळमानाने भिंतीच्या आतली, पाय ठेवता येईल अशी जमीन. कायद्यात हीच व्याख्या थोडी बारकाव्याने येते. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट क्षेत्रात बाहेरच्या भिंतींखालची जागा, पाइप-केबल जाणारे डक्ट, तसेच आपल्या एकट्याच्या वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. आतल्या खोल्या वेगळ्या करणाऱ्या भिंतींखालची जागा मात्र धरायची. हा शेवटचा भाग अनेकांच्या लक्षात येत नाही. रेराचे कार्पेट म्हणजे झाडून-पुसून मोकळी दिसणारी सगळी फरशी नव्हे. त्यात आतल्या भिंतींची जाडीही मोजलेली असते, त्यामुळे टेप लावून मोजलेला आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा थोडा कमी भरतो आणि त्यात कोणी फसवलेले नसते. ही व्याख्या केवळ घरांपुरती नाही. या कायद्यातल्या ‘अपार्टमेंट’मध्ये ऑफिस, दुकान, शोरूम आणि गोदामही येते.

बाल्कनीचे प्रकरण जरा चिवट आहे. कायद्याने ती कार्पेटबाहेर ठेवली, पण मालकाने तिला खिडक्या लावून आत घेतलेली असली की तोंडी व्यवहारात ती ‘कार्पेट’मध्येच बोलली जाते. भाड्याने घेणाऱ्याला ती जागा खरोखर वापरायला मिळते, तेव्हा तिचे काहीच द्यायचे नाही असेही म्हणता येत नाही. निदान वेगळी विचारावी आणि वेगळी लिहून घ्यावी: कार्पेट किती, बंद केलेली बाल्कनी किती.

बिल्टअप म्हणजे कार्पेट, त्यात भिंतींची जाडी आणि बहुधा बाल्कनी. यात अजून तरी सगळे आपल्या दाराच्या आतलेच आहे. त्यामुळे बिल्टअप आकडा कार्पेटपासून फार दूर पळू शकत नाही. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कासाठी जागेचे मूल्य काढताना रेडी रेकनरचा दर बिल्टअपला लावतात आणि कागदावर फक्त कार्पेट असेल तर त्याला जुन्या पद्धतीच्या कार्पेटसाठी १.२ ने, रेराच्या कार्पेटसाठी १.१ ने गुणतात. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती आधीच आलेल्या असल्याने तिथे गुणक लहान. भाड्याच्या बोलणीत हे गुणक कोणावर बंधनकारक नाहीत, पण पडताळ्याला उत्तम. कोणी बिल्टअप म्हणून कार्पेटच्या दीडपट आकडा सांगितला, तर त्याने बिल्टअपच्या नावाखाली आणखी काहीतरी घातले आहे हे ओळखावे.

ते ‘आणखी काहीतरी’ म्हणजे सुपर बिल्टअप. पुण्या-मुंबईत त्याला सेलेबलही म्हणतात आणि ऑफिसच्या भाडेकरारात ते चार्जेबल एरिया या नावाने येते. बिल्टअपमध्ये इमारतीच्या सामाईक जागेतला आपला वाटा मिळवला की ते तयार होते. सामाईक जागा म्हणजे प्रवेशाची लॉबी, मजल्यावरचा पॅसेज, जिना, लिफ्ट, मीटर रूम, पंप रूम, सामाईक स्वच्छतागृहे, वॉचमनची केबिन. निवासी संकुलात क्लबहाऊस आणि जिमही. पण नेमके काय धरायचे आणि काय सोडायचे याची कायद्यात व्याख्या नाही. एका इमारतीत फक्त लॉबी-जिना-लिफ्ट धरतात, दुसरीत पोडियमवरची बागही येते. त्यामुळे सुपर बिल्टअप हे क्षेत्रफळ भाडेकरूला मोजता येत नाही. कार्पेट टेप लावून मोजता येते. सुपर बिल्टअपचा टेप बिल्डरच्या, नाहीतर मालकाच्या हातात असतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखा एकच फरक असेल तर तो हा.

कार्पेटवर चढवलेल्या या भाराला बाजारात लोडिंग म्हणतात, आणि इथे टक्केवारीची एक गंमत आहे. त्या बाई पहिल्या जागेच्या एजंटला विचारतात.

‘‘लोडिंग किती आहे यात?’’

‘‘अडतीस टक्के, मॅडम. या लाइनीत सगळीकडे तेवढंच आहे.’’

‘‘म्हणजे कार्पेट किती येईल?’’

‘‘येईल ना चांगलं. बघालच तुम्ही.’’

बाईंनी घरी येऊन हिशोब केला. कार्पेटवर अडतीस टक्के चढवून हजार झाले असतील, तर १००० भागिले १.३८, म्हणजे जवळजवळ ७२५ फूट कार्पेट. तीन केबिन आरामात बसतील. पण एजंटचे अडतीस टक्के कार्पेटवर नव्हते, हजारावर होते. हजारातून अडतीस टक्के वजा, उरले ६२०. दोन्हींत १०५ चौरस फुटांचा फरक, म्हणजे दहा बाय दहाची एक पूर्ण उपचार केबिन. ६२० वर ३८० चढवले तर कार्पेटच्या भाषेत ते लोडिंग ६१ टक्क्यांच्या वर जाते. एजंट खोटे बोलला नाही. त्याने फक्त छोटा दिसणारा टक्का निवडला. म्हणून लोडिंग विचारूच नये, कार्पेट विचारावे, आणि तेही आकड्यात.

मोठ्या ऑफिसांच्या बाजारात हीच गोष्ट एफिशियन्सी म्हणून सांगतात. तिथे मात्र पाया नक्की असतो: चार्जेबलच्या किती टक्के कार्पेट. ६२ टक्के एफिशियन्सी म्हणजे हजारात ६२० फूट. हा शब्द वापरून विचारले की उत्तराला पळवाट राहत नाही.

आता तिन्ही जागा एका मापात आणू. पहिल्या जागेचे भाडे हजार गुणिले साठ, म्हणजे महिना ६०,००० रुपये. हातात येणारी जागा ६२० फूट. म्हणजे कार्पेटच्या एका फुटाला सुमारे ९७ रुपये. दुसऱ्या जागेचे बिल्टअप ७८० आणि मालकाच्या कागदावर कार्पेट ६५०. गुणोत्तर बरोबर १.२, म्हणजे आकडा सरळ दिसतो. भाडे ७८० गुणिले ७५, म्हणजे ५८,५००. कार्पेट फुटाला ९० रुपये. तिसरी ६४० कार्पेट, ९२ ने, महिना ५८,८८०, आणि दर ब्याण्णवचा ब्याण्णवच. साठचा फूट सर्वांत महाग निघाला.

ही झाली भाड्याची बाजू. मेंटेनन्स धरला की अंतर आणखी वाढते, कारण नव्या व्यापारी संकुलांत मेंटेनन्सही चार्जेबल क्षेत्रावर, फुटामागे आकारतात. पहिल्या जागेला तो दहा रुपये फूट आहे असे धरा. हजार फुटांवर दहा हजार रुपये. भाडे आणि मेंटेनन्स मिळून महिन्याला सत्तर हजार जातात, आणि कार्पेट फुटाचा खरा खर्च ११३ रुपयांच्या आसपास पोचतो. दुसऱ्या जागेत सोसायटीचा मेंटेनन्स मालकच भरतो, तिथे आकडा नव्वदवरच थांबतो. तिसऱ्यात महिना सरसकट पाच हजार, म्हणजे ६३,८८० भागिले ६४०, जवळजवळ शंभर रुपये. फुगवलेले क्षेत्रफळ एकदाच त्रास देत नाही. फुटामागे आकारली जाणारी प्रत्येक गोष्ट त्याच फुगवट्यावर मोजली जाते, आणि दरवर्षी भाडे पाच टक्क्यांनी वाढवायचे ठरले असेल तर तेही त्यावरच वाढते.

डॉक्टरांच्या बाबतीत एक जादा गाठ आहे. मालकाची जीएसटी नोंदणी असेल तर व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. सॉफ्टवेअरच्या धंद्यातला भाडेकरू तो आपल्या बिलांवरच्या करातून वळता करून घेतो. वैद्यकीय सेवा मात्र जीएसटीतून मुक्त आहे, त्यामुळे फिजिओथेरपिस्टला वळता करून घेण्यासारखे काही नसते आणि तो पैसा खिशातूनच जातो. पहिल्या जागेत सत्तर हजारांवर १२,६०० रुपये, म्हणजे महिन्याला ८२,६०० आणि कार्पेट फुटाला १३३ रुपये. दुसऱ्या जागेचा मालक एकटा गृहस्थ, त्याची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली, तर तिथे कर नाही. म्हणजे दाराशी सांगितलेला साठचा दर आणि पंच्याहत्तरचा दर प्रत्यक्षात १३३ आणि ९० होऊन समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाचा हिशोब इतका टोकाचा निघेल असे नाही. पण तो करून पाहायला दहा मिनिटे लागतात.

तरी पहिल्या संकुलाला एकदम लबाडांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. लॉबी, जास्तीच्या दोन लिफ्ट, जनरेटर, पाहुण्यांचे पार्किंग, व्हीलचेअर वर नेता येईल असा उतार, हे सगळे बांधायला पैसे लागतात आणि रोज वापरलेही जाते. गुडघा धरून येणाऱ्या पेशंटला पहिल्या मजल्यापर्यंत वीस पायऱ्या चढायला लावणे परवडणारे नाही. जुन्या इमारतीचे नव्वद रुपये स्वस्त दिसतात ते काही अंशी त्यामुळेच. वाद सामाईक जागेच्या किमतीचा नाही, ती किंमत फुटांत लपवण्याचा आहे. ती उघड धरली की घासाघीस सोपी होते. कर बाजूला ठेवून समजा बाईंनी ठरवले की लिफ्ट आणि जनरेटरसाठी दुसऱ्या जागेपेक्षा कार्पेट फुटाला दहा रुपये जास्त द्यायला हरकत नाही. म्हणजे शंभर रुपये. ६२० गुणिले शंभर, बासष्ट हजार. त्यातून मेंटेनन्सचे दहा हजार वजा करा, भाड्याला उरतात बावन्न हजार. एजंटच्या हजार फुटांच्या भाषेत तो बावन्न रुपयांचा दर झाला. मग त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलता येते: साठ नाही, बावन्न. ‘जरा कमी करा ना’ म्हणण्यापेक्षा हे बरे, आणि नाही म्हणाला तर कशाला नाही म्हणाला हेही आपल्याला ठाऊक असते.

पण हे सगळे ६२० या आकड्यावर उभे आहे, आणि तो आकडा खरा की खोटा हे दोन मार्गांनी तपासता येते. पहिला कागदाचा. मालकाने ती जागा विकत घेतली तेव्हा दस्त नोंदला गेला असणार. त्याचा गोषवारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, त्यात क्षेत्रफळ लिहिलेले असते, बहुधा चौरस मीटरमध्ये. त्याला १०.७६४ ने गुणले की चौरस फूट मिळतात. पहिल्या जागेच्या इंडेक्स टूवर ५७.६० चौरस मीटर कार्पेट असेल तर ते बरोबर ६२० फूट होतात. इथेही आकड्यामागचा शब्द वाचावा, कारण काही दस्तांत बिल्टअप लिहिलेले असते. मालक कागद दाखवायला कचरतात हे खरे. पण क्षेत्रफळाचे पान दाखवायला ज्याला फार अडचण येते, त्याच्या हजार फुटांवर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा मार्ग टेपचा. रिकामी जागा असेल तर दोघांना अर्धा तास पुरतो. लेझर मीटर असेल तर आणखी सोपे. स्कर्टिंगच्या थोडे वर, प्लॅस्टरपासून प्लॅस्टरपर्यंत मोजायचे, प्रत्येक खोली वेगळी. आत घुसलेला खांब आणि डक्टचा कोपरा स्वतंत्र मोजून वजा करायचा. भिंती काटकोनात नसतील अशी शंका आली तर दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे आले नाहीत तर खोली तिरकी आहे, आणि मग लांबी दोन ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. सर्वांत जास्त चुका मोजताना होत नाहीत, मोबाइलवर गुणाकार करताना होतात. दहा फूट नऊ इंच म्हणजे १०.९ नव्हे, १०.७५. बारा फूट सहा इंच म्हणजे १२.५. चुकीच्या पद्धतीने ही खोली १३७ फूट येते, बरोबर पद्धतीने १३४. एका खोलीत तीन फूट म्हणजे काही नाही, पण पाच-सहा खोल्यांत ते वाढत जाते.

बाईंनी मोजले तेव्हा फरशी ६०४ फूट भरली. सोळा फूट गेले कुठे? आतल्या पार्टिशनच्या भिंती मोजल्या, त्यांची एकूण लांबी अडतीस फूट निघाली आणि प्लॅस्टरसह जाडी पाच इंच. अडतीस गुणिले पाच भागिले बारा, जवळजवळ सोळा फूट. म्हणजे कागद आणि टेप जुळले. फरक फक्त आतल्या भिंतींचा, जो रेराच्या व्याख्येत बसतो. हा मेळ असाच बसायला हवा. हिशोब लावूनही वीस-पंचवीस फूट कुठे गेले ते सापडत नसेल, तर एक तर बाल्कनी किंवा पॅसेजचा तुकडा आत धरला आहे, किंवा मूळ नकाशानंतर भिंत हलवली आहे. पॅसेजचा तुकडा असेल तर अधिक सावध राहावे, कारण तो सोसायटीचा असतो आणि उद्या नोटीस आली तर तिथले कपाट उचलायचे काम भाडेकरूच्या गळ्यात पडते.

एवढे सगळे स्वतः का करायचे, रेरा आहे ना, असे कोणालाही वाटेल. रेरा विक्रीसाठी आहे. कार्पेटवर विक्री करण्याचा नियम बिल्डरला लागू आहे आणि ताबा देताना कार्पेट तीन टक्क्यांपेक्षा जास्त घटले तर महाराष्ट्राच्या नमुना करारानुसार जादा घेतलेली रक्कम परत करावी लागते. पण त्या कायद्यातल्या ‘अलॉटी’च्या व्याख्येतून भाड्याने जागा घेणारा स्पष्टपणे वगळला आहे. महाराष्ट्रात भाड्याचे व्यवहार बहुधा लीव्ह अँड लायसन्स कराराने होतात आणि तो करार १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लेखी असावा लागतो आणि नोंदवावा लागतो. पण फुटाची कोणती व्याख्या वापरायची हे दोन्ही पक्षांवर सोडले आहे. म्हणून विक्रीच्या बाजारात कार्पेट रुळले तरी ऑफिस भाड्याच्या बाजारात चार्जेबल टिकून आहे. अपवाद पाहायचा तर सार्वजनिक बँकांच्या ‘शाखेसाठी जागा पाहिजे’ अशा वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचाव्यात. तिथे क्षेत्रफळ बहुतेक वेळा कार्पेटमध्येच मागितलेले असते, आणि निविदेच्या कागदांत कार्पेटमध्ये काय धरायचे नाही हेही सांगितलेले असते. बँकेला जे जमते ते तीन केबिनच्या दवाखान्यालाही मागता येते, फक्त सुरुवातीलाच मागावे लागते.

राहत्या घरांचे गणित थोडे वेगळे. टू बीएचकेचे भाडे फुटावर ठरत नाही, ते भाग, शाळा, फर्निचर आणि पार्किंगवर सरसकट ठरते. सोसायटीचे सेवाशुल्कही सहसा फ्लॅटच्या आकारावर नसून सर्वांना समान असते. तरी दोन घरांची तुलना करताना कार्पेट फुटाचा भाव काढून पाहायला हरकत नाही. विशेषतः नोकरीसाठी बेंगळुरू-हैदराबादला गेलेल्या मराठी कुटुंबांनी. तिकडे बाराशे फूट म्हटले की तो आकडा अजूनही बहुधा सुपर बिल्टअपचा असतो. ठाण्यात सातशे कार्पेटमध्ये राहिलेला माणूस बाराशे ऐकून दिवाणखान्यात झोपाळा कुठे टांगायचा ते ठरवू लागतो आणि सामान उतरवल्यावर कळते की कार्पेट आठशे-साडेआठशेच आहे, झोपाळा बाल्कनीतच बरा.

परत दवाखान्याकडे. पहिल्या संकुलाचा मालक पंचावन्नपर्यंत उतरला आणि तिसऱ्या जागेचा मालक सत्त्याऐंशीपर्यंत. दोन्ही मालकांची जीएसटी नोंदणी आहे. पंचावन्नच्या दराने पहिली जागा भाडे-मेंटेनन्स मिळून पासष्ट हजार, कार्पेट फुटाला १०५. सत्त्याऐंशीने तिसरी ५५,६८०, त्यात मेंटेनन्सचे पाच हजार, म्हणजे ६०,६८० आणि कार्पेट फुटाला ९५. जीएसटी दोन्हींकडे त्याच टक्क्याने. तिसऱ्या इमारतीला लिफ्ट आहे, जनरेटर फक्त लिफ्टपुरता. बाईंनी तिसरी घेतली आणि दवाखान्यासाठी छोटा इन्व्हर्टर बसवायचे ठरवले.

करार लिहिताना त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. पहिली, भाडे ‘फुटामागे इतके’ असे न लिहिता महिन्याला ५५,६८० रुपये असे ठोक लिहायचे, म्हणजे पुढे क्षेत्रफळाच्या नव्या मोजणीच्या नावाखाली रक्कम हलणार नाही. दुसरी, जागेच्या वर्णनात ‘कार्पेट ६४० चौरस फूट, अधिक बंद बाल्कनी ३६ चौरस फूट’ असे वेगवेगळे लिहून सोबत मापांचा साधा नकाशा दोघांच्या सह्यांनी जोडायचा. मालक बाल्कनीच्या छत्तीस फुटांना कार्पेटचा दर लावू पाहत होता. शेवटी तिचे वेगळे काही धरायचे नाही असे ठरले, कारण बाल्कनी बंद करायला पालिकेची परवानगी घेतली आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.